बारा हजारांच्या मागणीला आमचं उत्तर

★☆☆☆☆
"तीन वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी. महिन्याला 18,000 देतो. मिरजेतल्या एका मुलानं 9,000 चं कोटेशन दिलं म्हणून यांना 12,000 करा म्हटलं, तर बोलणं नाही काही नाही, काम कमी केल्याचा कागद हातात ठेवला. गेल्या वर्षी 15,000 केले होते तेव्हा तर कामच बिघडवलं. दर कमी मागितला की नातं संपलं, असं यांचं आहे. फक्त पैसा बघतात."

नमस्कार अण्णा,

तुमच्या हळदीच्या सोशल मीडियाच्या कामाबद्दल गेल्या वर्षीपासून सुरुवात करते, कारण तिथं चूक माझी आहे आणि ती मी तुमच्याजवळ कधी नीट कबूल केली नाही.

तुमचा फोन आला तेव्हा मी शंभर फुटी रोडवर गाडी बाजूला घेऊन बोलत होते. "ताई, यंदा जरा कमी करा" म्हणालात आणि मी दोन मिनिटांत 15,000 ला होय म्हटलं. काय कमी करायचं, किती महिन्यांसाठी, काहीच बोलले नाही. जुनं गिऱ्हाईक आहे, नाही कसं म्हणायचं, एवढंच डोक्यात होतं. काम तेवढंच राहिलं आणि पैसे 3,000 नी कमी झाले.

तुमच्या कामाला आमचे महिन्याला साधारण 40 तास जातात. बारा पोस्टना 12 तास, चार रीलना 12, कुपवाडच्या युनिटवर येऊन शूट करायचे 7 आणि करेक्शनचे 9. म्हणजे 18,000 ला तासाला 450 रुपये पडतात. पगार, भाडं, लाइट, सॉफ्टवेअरचं भाडं सगळं धरून आमचा तासाचा खर्च 360 च्या आसपास आहे. 15,000 ला तासाचे 375 होतात, म्हणजे महिनाभराच्या कामात आमच्या हाती 600 रुपये उरतात. एक शूट पावसानं पुढं गेलं की तेही जातात. तीन महिने ओढलं आणि मग तुम्हाला न सांगता तुमचं काम नवीन मुलाकडं दिलं. ते चुकलं.

त्याचा परिणाम तुम्ही रात्री दहाला मला पाठवला होतात. आमचीच पोस्ट आणि खाली एक ओळ, "ही आमची हळद आहे का?" फोटोतली पावडर केशरी दिसत होती, मिरचीपुडीच्या जवळ जाणारी. युनिटमधल्या ट्यूबलाइटखाली फोटो काढला होता आणि रंग दुरुस्त करायला मुलानं वेळच घेतला नव्हता, कारण मी त्याला एका पोस्टला अर्धाच तास दिला होता. राजापुरी हळद विकणाऱ्या माणसाला तो फोटो बघून काय वाटलं असेल, हे मला कळतं. दर कमी झाला आणि काम तेवढंच राहिलं, तर फरक कुठून तरी भरून निघतोच, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी. तो कुठून भरायचा, हे दोघांनी बसून ठरवायला हवं होतं. मी एकटीनं ठरवलं.

म्हणूनच या वेळी कागद आणला. पण तो दुकानात, काउंटरवर, तुमच्या माणसांसमोर, काही न बोलता ठेवला, हे वागणं बरोबर नव्हतं. आधी विचारायला हवं होतं की 12,000 च का. ते मला नंतर तुमच्या मुलाकडून कळलं: कच्च्या मालाचा भाव चढला आहे, पाकिटाची किंमत वाढवता येत नाही, म्हणून दर महिन्याच्या प्रत्येक खर्चातून थोडं थोडं काढायचं ठरलं आहे. हे आधी कळलं असतं तर कागद वेगळा झाला असता. दर कमी मागताना कारण सांगितलं की समोरच्याला उपाय शोधता येतो. नुसता आकडा आला तर त्याच्यासमोर होय आणि नाही एवढंच उरतं.

तर आता तो हिशेब पुन्हा, या वेळी तुमच्या बाजूनं मांडते.

आधी जे कमी केलं तरी तुमचं काहीच जात नाही, ते बघू. करेक्शनच्या 9 तासांचं मी मागच्या सहा महिन्यांचं टिपण काढलं. पोस्ट ग्रुपवर पडते. तुम्ही अक्षर मोठं करा म्हणता, तुमचा मुलगा लहान करायला सांगतो, आणि दोन दिवसांनी कोल्हापूरचे वितरक फोन नंबर बदलून देतात. एका संक्रांतीच्या पोस्टला सहा वेळा हात लागला आणि शेवटी पहिलीच पसंत पडली. यात दोष कुणाचाच नाही, शेवटचा शब्द कुणाचा हे आपण ठरवलंच नव्हतं. तुमच्याकडून एकाच माणसानं, सगळ्यांचं ऐकून, एकत्र करेक्शन दिली आणि दोन फेऱ्यांत थांबलो, तर 9 चे 4 तास होतात. शूटचंही तसंच. दर महिन्याला 7 तास घालवण्यापेक्षा दोन महिन्यांचं एकदम 9 तासांत करू, म्हणजे महिन्याला साडेचार पडतात. बारा पोस्ट आणि चार रील तशाच ठेवून 40 तासांचे साडेबत्तीस झाले. 450 नं 14,625 रुपये. एवढी कपात तुमच्या पदरातलं काही न काढता होते.

यापुढं मात्र काम कमी करावं लागतं. एक रील आणि दोन पोस्ट कमी केल्या तर 5 तास वाचतात, साडेसत्तावीस उरतात आणि आकडा 12,375 वर येतो. कागदावर हेच होतं, दहा पोस्ट आणि तीन रील. कुठली रील काढायची तेही सांगते. महिन्याच्या चारपैकी जी पाककृतीची असते तिला बघणारे सर्वांत कमी आहेत. दळण्याची आणि पॅकिंगची लोक शेवटपर्यंत बघतात, त्या दोन्हींना हात लावायचा नाही.

राहिले 375. महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आगाऊ पैसे आले तर ते मी सोडते आणि बरोबर 12,000 होतात. आज आमच्याकडं बिलाचे पैसे दोन महिन्यांनी येतात. तुम्ही एक रुपयाही कधी बुडवलेला नाही, आणि आपल्या बाजारपेठेत हा रिवाज सगळ्यांचाच आहे, पण तोवर पगार मला बँकेकडून व्याजानं घेतलेल्या पैशांतून करावे लागतात. लवकर पैसे देणं ही गिऱ्हाइकाच्या हातातली मोठी गोष्ट आहे आणि दर मागताना ती फार कमी लोक पुढं करतात. शिवाय लहान उद्योग म्हणून आमची उद्यम नोंदणी आहे. अशा उद्योगांना कायद्यानं लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. मुदत उलटून मार्चअखेर बिल बाकी राहिलं, तर ते तुम्हाला आयकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या.

सगळं काम तसंच ठेवून 12,000 हे मात्र मी करू शकत नाही. तासाला 300 पडतात, म्हणजे आमच्या खर्चाच्याही खाली. होय म्हटलं तर पुन्हा ती केशरी हळद होणार.

आणखी एक. गेल्या वर्षीच्या 15,000 ला मुदत नव्हती, त्यामुळे सात महिन्यांनी मी पुन्हा 18,000 लावले तेव्हा तुम्हाला ती दरवाढ वाटली आणि मला ती जुन्या दरावर परत आल्यासारखी वाटली. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. या वेळी बिलावर काम आणि दर दोन्ही लिहू, आगाऊ रकमेची सूट वेगळ्या ओळीत दाखवू आणि सहा महिन्यांची तारीख घालू. हळदीचा हंगाम संपला की पुन्हा बसू. तेव्हा तुम्हाला चौथी रील परत हवी असेल तर तिचे किती होतात हे दोघांनाही माहीत असेल.

9,000 च्या कोटेशनबद्दल. तो मुलगा चांगला असू शकतो, मीही घरातल्या एका खोलीतूनच सुरुवात केली होती. तुम्ही नुसता आकडा सांगितलात, कागद दाखवला असता तर ओळीला ओळ लावून बघता आलं असतं. त्यात शूट आहे का, करेक्शन किती वेळा, आणि मूळ फाइली तुम्हाला मिळणार का, एवढं त्याला विचारा. तुलना करताना जीएसटी सोडून करा. आमच्या बिलावरचे 18 टक्के तुम्हाला पावडरीच्या करातून वळते करून मिळतात, त्यामुळे तो तुमचा खरा खर्च नाही. दुसऱ्याचं कोटेशन दाखवून दर मागण्यात काही वावगं नाही, मीसुद्धा छपाईवाल्याला दाखवते. पण दरवेळी नुसता आकडा ऐकवला गेला की समोरचा पुढच्या वेळी दर आधीच फुगवून सांगायला लागतो. मला तुमच्याशी तसं वागायचं नाही, म्हणून तासांचा हिशेब इथं उघडा मांडला.

त्याच्याकडं जायचं ठरवलंत तरी तुमचं काही अडवून ठेवणार नाही. पाकिटाच्या डिझाइनच्या मूळ फाइली आणि तीन वर्षांचे सगळे फोटो तुमचेच आहेत. जाहिरातीचं खातं आमच्या नावावर उघडलेलं आहे, त्याचे पूर्ण अधिकार तुम्ही घ्यायला हवेत. हे नवीन माणूस काम सुरू करायच्या आधी करा, नाहीतर आजवर जाहिरात कुणाला दाखवली याची सगळी माहिती मागं राहते.

गुरुवारी सकाळी अकराला मी गणपती पेठेतल्या दुकानात येते. पेन ड्राइव्हवर फाइली आणि नवा कागद, दोन्ही सोबत असेल. या वेळी काउंटरवर नको, आत बसून बोलू, आणि तुमचा मुलगाही असू दे, कारण शेवटचा शब्द कुणाचा हे आधी ठरवायचं आहे.