आठ पूर्णविरामांची उधारी

काल संध्याकाळी तात्यांनी माझे निम्मे पैसे कापले. कारण काय, तर मी त्यांचं वाक्य मोडलं.

तात्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो. मराठी बोलतो, वाचता मात्र येत नाही. त्याला धाडायचं पत्र अण्णांनी लिहिलं होतं आणि मला त्याचं इंग्रजी करायचं होतं. अण्णा म्हणजे जन्मभर सांगलीत कोर्टाबाहेर बसून दस्त लिहिलेले बॉन्डरायटर. आता निवृत्त आहेत, पण हात निवृत्त झालेला नाही. पत्र असं होतं:

‘तुझ्या आजोबांनी १९७८ साली मिरजेकडची विहीर असलेली जमीन विकून आलेल्या पैशातून सांगलीत बांधलेले घर मला देऊन, तुझ्या वडिलांनी पुढे त्यावर हक्क सांगू नये म्हणून त्यांना रोख रक्कम दिली असल्याचे तुझी आजी सांगत असे, तरीही उताऱ्यावर तुझ्या वडिलांचे नाव राहिल्यामुळे व ते वारल्यानंतर वारस म्हणून तुझे लागल्यामुळे तू हक्कसोडपत्रावर सही केल्याखेरीज मला ते घर विकता येत नसल्याने, तू येत्या दिवाळीला येऊन सही करावी, यायला जमत नसल्यास कुलमुखत्यारपत्र पाठवावे, अन्यथा मला नाइलाजाने कोर्टात जावे लागेल.’

हे आहे तसं इंग्रजीत नेलं तर पोरगं दुसऱ्या ओळीतच फोन खाली ठेवेल. मी त्याची आठ वाक्यं केली. तात्या ती घ्यायला विश्रामबागला आमच्या घरी आले, आणि तपासणीला म्हणून अण्णांना घेऊन आले. आमच्याकडून चहा आणि भडंग.

अण्णांनी कागद ट्यूबलाइटसमोर धरला, मग टेबलावर पसरला आणि पेनाच्या टोकाने टिंबं मोजायला लागले. पुटपुटत, जपमाळ ओढल्यासारखे.

“नऊ!”

“आठ आहेत, अण्णा. ती भडंगातली मोहरी आहे.”

त्यांनी मोहरी नखाने उडवली, पण नाराजी तशीच राहिली. “आमचा एक. तुमचे आठ. सात कुठनं आणले?”

मी म्हटलं, मराठीत क्रियापद शेवटी बसतं, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत कितीही डबे जोडता येतात. इंग्रजी वाचणाऱ्याला कुणी काय केलं ते आधी लागतं. म्हणून मी आधी सगळी क्रियापदं शोधतो, प्रत्येकाचा कर्ता कोण ते बघतो आणि मगच कुठे तोडायचं ते ठरवतो.

“म्हंजे तोडलं हे कबूल!” अण्णा तात्यांकडे वळले. “बगा तात्या. मास्तर, पूर्णविराम म्हंजे काय? समोरच्याला बोलायला जागा. चाळीस वर्षं मी कुणाला ती दिली न्हाई.”

यावर काय बोलणार? त्यात या माणसाच्या पदरी पुरावाही निघाला. “घटनेची उद्देशिका काय आहे? एक वाक्य! बाबासाहेबांना कुणी म्हटलं का, जरा फोडून द्या?” एक वाक्य आहे हे खरंच आहे, इंग्रजीतही एकच आहे. जुनी इंग्रजी खरेदीखतंही स्वल्पविरामाची काटकसर करत पानंच्या पानं चालत, म्हणजे अण्णांची परंपरा तिकडूनही आलेली असणार. पण उद्देशिका भिंतीवर लावायची असते आणि हे पत्र पुतण्याने ऑफिसला जाताना वाचायचं आहे, हा फरक त्यांच्यापुढे मांडेपर्यंत भडंगाची दुसरी वाटी आली होती.

वास्तविक वाद करायचाच होता तर करण्यासारखं बरंच होतं. तोडताना अर्थ सांडतो, आणि तो कुठे सांडतो हे टिंबं मोजून कळत नाही. ‘विहीर असलेली जमीन’ घ्या. सोपं करायचं म्हणून तिची ‘ही हॅड लँड निअर मिरज. इट हॅड अ वेल. ही सोल्ड इट’ अशी तीन वाक्यं केली, तर मिरजेकडची सगळी जमीन गेली. आजोबांच्या दोन जमिनी होत्या. बिनविहिरीची अजून आहे आणि तिच्यात पुतण्याचा वाटा आहे. ‘विहीर असलेली’ हे वर्णन नाही, दोन्हींतली कुठली ते सांगणारी खूण आहे. म्हणून ती नामाला चिकटूनच राहिली पाहिजे: ‘द लँड विथ द वेल’. हेच ‘ऑगस्टमध्ये कोरडी पडलेली विहीर’ वगैरे नुसती माहिती असती, तर खुशाल वेगळं वाक्य केलं असतं.

त्याहून वाईट जागा म्हणजे ‘आजी सांगत असे’. ती खंडाच्या शेवटी बसून मागच्या सगळ्यावर सावली धरते, आणि सावली नक्की कुठून सुरू होते ते मराठीत दिसतच नाही. जमीन विकली हेही आजीच्याच तोंडचं, की फक्त रोख रकमेचं? मी तोडण्याआधी तात्यांना फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, विक्रीचा आणि बांधकामाचा कागद आहे. घर मला आणि पैसे भावाला, हे मात्र आई सांगायची. मग त्याच जागी तोडलं. पहिली दोन वाक्यं सरळ विधानं, आणि तिसरं असं: ‘युवर ग्रँडमदर युज्ड टु से दॅट ही गेव्ह द हाउस टु मी, अँड गेव्ह युवर फादर कॅश सो दॅट ही वुड नॉट क्लेम इट लेटर.’ लांब आहे, पण लांबच ठेवलं. ‘ही गेव्ह युवर फादर कॅश’ एवढं सुटं काढलं असतं, तर मेलेल्या आजीची आठवण तात्यांचं निवेदन झाली असती. पुतण्याने पावती मागितली असती तर तात्या काय दाखवणार होते?

हे मी सांगत होतो आणि अण्णा बशीतला चहा फुंकत होते.

“शेवटचं वाचा,” ते म्हणाले.

वाचलं. ‘इफ यू डू नायदर, आय विल हॅव नो चॉइस बट टु गो टु कोर्ट.’

“नायदर कुठनं आलं? मी लिवलेलं न्हाई.”

लिहिलं होतं, ‘अन्यथा’मध्ये. आला नाहीस आणि कागदही पाठवला नाहीस तर, असं त्याच्या पोटात आहे. वाक्य एक असताना ते आपोआप दोन्हींना लागू होतं. पूर्णविराम पडला की नुसतं ‘अदरवाइज’ फक्त शेजारच्या वाक्याला धरून बसतं. आणि ‘नाइलाजाने’ गाळलं तर आखूड वाक्यात काकाची अगतिकता जाऊन वकिलाची नोटीस उरते.

तात्यांना हे पटत होतं असं मला त्यांच्या मानेवरून वाटलं. पण मान अण्णांच्या बाजूची होती. अण्णांनी हिशेब केला: नवीन काही लिहिलं नाही, होतं ते फोडलं, तर फोडण्याचे पैसे पूर्ण कशाला? आधी ठरलेला दर शब्दांवर होता, फोडण्यावर नाही. पण हे म्हणायला मी तोंड उघडलं तेवढ्यात अण्णांनी माझंच पेन घेऊन सात टिंबांना शेपट्या काढल्या. सातही स्वल्पविराम झाले. वाक्य पुन्हा एक!

“आता कसं,” अण्णा म्हणाले. “याच्याखाली ‘ट्रू ट्रान्सलेशन’ म्हणून सही करा, बाकीचे तात्या देतील.”

केली नाही. इंग्रजीत पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामांनी जोडणं ही शाळेत छडी खाण्यासारखी चूक आहे, आणि तिच्याखाली नाव माझं जाणार होतं. तात्या कागदाची घडी करून खिशात घालत म्हणाले, “बघू दिवाळीनंतर.” म्हणजे पुतण्या आला तर. पेनही अण्णा घेऊन गेले.