भाऊबीजेला भाचीला हातोडी द्या, पण खरी

भाऊबीजेला मामा भाचीसाठी काय नेतो? फ्रॉक, बांगड्या, मेकअपचा सेट, फार तर बाहुली. भाच्याला बॅट नाहीतर रिमोटची गाडी. मी बेळगावच्या उद्यमबागला मशीन शॉपमध्ये काम करतो आणि माझं स्पष्ट मत आहे, की नऊ-दहा वर्षांच्या भाचीला हत्यारांची पेटी द्यावी. मी माझ्या भाचीला दिली. पण पेटी बघून निवडली पाहिजे. चुकीची दिली तर पोरगी दोन दिवसांत ती कोपऱ्यात टाकते आणि घरचे म्हणतात, "बघ, पोरींना ह्यात गोडी नसतीच."

खेळण्याच्या दुकानातला प्लॅस्टिकचा सेट चार वर्षांच्या मुलाला ठीक आहे. त्यातला नट फक्त त्याच सेटच्या बोल्टला बसतो. नऊ वर्षांच्या मुलीला त्याने घरातला एकही ढिला स्क्रू आवळता येत नाही, मग ती कशाला हात लावेल? उलट टोक म्हणजे बाबांची अर्ध्या किलोची हातोडी. मूल हातोडी दांड्याच्या शेवटी न धरता डोक्याजवळ धरायला लागलं, की समजायचं ती त्याला जड होतेय. 200 ग्रॅमची घ्या.

स्क्रूड्रायव्हर तीन पुरतात: एक चपटा, एक दोन नंबरचा स्टार, आणि खेळण्यांच्या बॅटरीच्या झाकणासाठी एक नंबरचा स्टार. दांडा आखूड आणि जाड हवा, म्हणजे लहान मुठीत पकड बसते. टोक खाचेपेक्षा बारीक असलं तर ते निसटतं आणि स्क्रूची खाच खाऊन टाकतं. मुलं नुसतं फिरवतात, म्हणून पहिल्याच दिवशी शिकवायचं: आधी दाब, मग फिरव. सोबत एक पक्कड, सहा इंची पात्याची छोटी हॅक्सॉ, तीन मीटरचा टेप, डोळ्यांना गॉगल आणि एक सी-क्लॅम्प. क्लॅम्प सगळ्यात महत्त्वाचा. लाकूड टेबलाला आवळलेलं असलं की दुसरा हात पात्यापासून लांब राहतो.

आता पेटीबरोबर काम द्यायला हवं. आमच्या बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली किल्ले होतात. माती पोरं कालवतात, पोरींच्या वाट्याला रांगोळी. म्हणून मी पेटी भाऊबीजेची वाट न बघता सुट्टी लागल्याबरोबर दिली आणि भाचीला सांगितलं, "ह्या वर्षी किल्ल्याचा दरवाजा तू करायचास. उघडझाप होणारा."

लाकूड पॅकिंगच्या खोक्याचं, पाइनचं. मऊ असतं, लहान हाताला ऐकतं. कापणं जमलं. अडलं बिजागरीपाशी. स्क्रू अर्धा गेला, मग फळीला चीर पडली. तिला वाटलं आपला जोर कमी पडला. खरं तर जोराचा काही संबंध नव्हता. फळी कडेला पातळ, आणि स्क्रूला आत जागाच नव्हती. दुसऱ्या फळीवर आधी स्क्रूपेक्षा बारीक चूक ठोकली, पकडीनं उपसून काढली आणि त्या भोकात साबणावर घासलेला स्क्रू फिरवला. सरळ आत गेला. दुसऱ्या बिजागरीला तिने मला हातही लावू दिला नाही.

आई ओरडली होतीच. "पोरीच्या जातीला हातोडी कशाला रे? बोट चेचलं म्हणजे?" आई, ह्याच वयात आपण तिला विळीवर कांदा चिरायला बसवतो. विळीचं पातं हातोडीपेक्षा कमी धोक्याचं नाही. ती सवयीची आहे एवढंच. बोट चेचू नये म्हणून चूक बोटांनी न धरता कपड्याच्या चिमट्यात धरायची, बस्स.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस आणि हॅक्सॉ हातात येते. बरीच पोरं आधी काकाच्या, बापाच्या गॅरेजमध्ये हात काळे करून आलेली असतात. पोरीला ते अठराव्या वर्षी, सगळ्यांसमोर पहिल्यांदा धरावं लागतं. मग ती मागे उभी राहते आणि तिचा जॉब, म्हणजे घासायचा लोखंडी तुकडा, दुसरा कोणीतरी घासतो.

धाकट्या भाच्याला मी सावंतवाडीची लाकडी भातुकली आणली, आंबोली घाट उतरून. पाच वर्षांचा आहे. चूल मांडून सगळ्यांना चहा विचारतो. दाजींना आवडलं नाही, तसं ते बोललेही. त्याला आता छोटं पोळपाट-लाटणं देणार आहे, खऱ्या कणकेचा गोळा लाटायला. खेळण्यातून खऱ्या वस्तूकडे जायला हवं, हे त्यालाही लागू.

घेताना तयार संच घेऊ नका. तीस-चाळीस नग दिसतात, पण स्वस्तातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक मऊ असतं, थोड्याच वापरात गोल होतं. निपाणी, खानापूर, चिकोडी, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात हे सगळं सुटं मिळतं. आणि पेटीवर ऑइल पेंटनं तिचं नाव घाला. नाहीतर "दादाला जरा दे गं" म्हणत ती पेटी दादाच्या खोलीत जाते आणि परत येत नाही.