तू, तुम्ही आणि मधलं नाव

"लग्नाला तीन वर्षं झाली. पोरगं अजून तुला बाबा म्हणत नाही, आणि त्याच्या नावात अजून त्या माणसाचंच नाव. कधी बदलून घेणार आहेस?"

आत्याचा प्रश्न, घरच्या ग्रुपवर, अठ्ठावीस माणसांसमोर. साताऱ्यात तेव्हा दुपारचं जेवण उरकलं असणार. इथे इंग्लंडात, रेडिंगमध्ये सकाळचे नऊ वाजले होते आणि ज्याच्याबद्दल चर्चा चालली होती तो नऊ वर्षांचा माणूस, बायकोचा आधीचा मुलगा, माझ्यासमोर बसून वीटाबिक्सचा लगदा करत होता. मी फोन उलटा ठेवला. पण डोक्यातून विषय जाईना. म्हणून हे.

आत्यापाठोपाठ दादाने उडी घेतली. दादा वकील आहे, आणि कायद्याच्या गोष्टीत तो नेहमी अर्धा बरोबर असतो. त्याने लिहिलं, "२०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क आईला. सावत्र बाप असं कागदावर लिहायला लावणं क्रूर आहे, असंही म्हटलंय. लावून टाक तुझं नाव." निकाल खरा आहे. आंध्रातलं प्रकरण होतं. पण त्यात मूल अडीच महिन्यांचं असतानाच वडील वारले होते. आई एकटीच पालक, तिने पुन्हा लग्न केलं, पुढे दुसऱ्या नवऱ्याने रीतसर दत्तकही घेतलं, आणि तक्रार होती आजीआजोबांची. आमच्याकडे वडील हयात आहेत, ब्रिस्टलला राहतात आणि दर दुसऱ्या शुक्रवारी एम-फोर महामार्गावर मेंबरी सर्व्हिसेस या थांब्याच्या पार्किंगमध्ये वेळेच्या पाच मिनिटं आधी उभे असतात. इथे मुलाचं नाव बदलायचं तर त्यांची संमती लागते, नाहीतर कोर्टाची परवानगी. आणि ती मागायची तरी कशासाठी? जिवंत माणसाचं नाव मुलाच्या पोटातून उपटून काढायला?

मधल्या नावाचं हे वेड आपलं खास आहे. इथे मिडल नेम म्हणजे आवडलं म्हणून ठेवलेलं जास्तीचं नाव. रिसेप्शनच्या वर्गातल्या मिसने त्याच्या वडिलांचं नाव वाचून "व्हॉट अ लव्हली मिडल नेम" म्हटलं होतं म्हणे. आपल्याकडे मात्र त्या जागेवर बाप बसलेला असतो. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं ठरवलं, तेव्हाही ग्रुपवर दोन दिवस धुमाकूळ चालला होता. एका चुलतभावाने मला विचारलं, "आता आईपण आली. मग तू कुठं बसणार?" हसायचं चिन्ह टाकलं होतं. कर्णाला आईच्या नावावरून राधेय म्हणतात, ते यांना चालतं.

इथली माणसं असलं काही विचारत नाहीत, असं मी ग्रुपवर ठोकून दिलं. ते पूर्ण खरं नाही. मागच्या जानेवारीत मुंबईहून परतताना हीथ्रोवर मी आणि तो दोघेच होतो. बायको आठवडाभर आधी आली होती. आडनावं वेगळी. आईवडील दोघांच्या सह्यांचं पत्र मी फाइलमध्ये घेऊन होतो, पण काउंटरवरच्या बाईंनी पत्राकडे न बघता आधी त्यालाच विचारलं, "हे तुझ्याबरोबर कोण आहेत?" तो थोडा थांबला. मग म्हणाला, "ही इज माय मम्ज." एवढंच. आईचा. पुढे हजबंड, पार्टनर, काहीच नाही. बाई हसल्या, पासपोर्ट परत दिले. टॅक्सीत तो झोपला आणि मी एम-फोरवरचे दिवे मोजत बसलो. चुकीचं काय बोलला होता तो?

पहिल्या वर्षी मी सगळ्या चुका केल्या. आमच्या वाड्यात शेजारचे काकाही कान पिरगाळायचे आणि घरी सांगितलं तर घरचे दुसरा पिरगाळायचे. त्यामुळे मुलाला शिस्त लावणं हा कुठल्याही मोठ्या माणसाचा हक्क, अशी माझी पक्की समजूत. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात जेवणाच्या टेबलावर मी त्याचा टॅब काढून घेतला. तो ओरडला नाही, रडला नाही. उठून आईकडे गेला आणि हळूच विचारलं, "डू आय हॅव टु?" म्हणजे हा माणूस सांगतोय ते लागू आहे का. आरडाओरडा परवडला असता. बायकोने त्याच्यासमोर माझी बाजू घेतली आणि रात्री मला सांगितलं, "नाही म्हणायचं काम माझं. तू फक्त घरात अस." मला भयंकर राग आला. फक्त अस म्हणजे काय, मी काय फ्रीज आहे?

नंतर त्याच्या शाळेतल्या बाई भेटल्या. ज्या मुलांच्या घरात उलथापालथ झालेली असते, त्यांच्याबरोबर त्या आठवड्यातून एकदा चित्रं काढत बसतात. मी तक्रार केली की शनिवारी आम्ही दोघं पोहायला जातो, मजा येते, आणि रविवारी हा माझ्याशी बोलत नाही. बाईंना नवल वाटलं नाही. शनिवार चांगला गेला म्हणूनच रविवार वाईट जातो, म्हणाल्या. तुमच्याबरोबर मजा आली की त्याला वाटतं आपण डॅडची काहीतरी चोरी केली, मग तो ती फेडतो. तो तुटक वागला तर पाठीमागे लागू नका, गप्प राहा, बुधवारपर्यंत ओसरेल. वडिलांकडून आल्यावर पहिला तासभर काही विचारू नका. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ त्याला आई एकटी मिळू द्या, तुम्ही बाहेर जा. हे शेवटचं फार लागलं, पण गुरुवारी मी बॅडमिंटनला जायला लागलो. दोन महिन्यांनी गुरुवारी रात्री परतलो की तो जिन्यावरून विचारायचा, "जिंकलं का?"

कोण जिंकलं, ते त्यात नसायचं. घरात मराठीच बोलायची असा बायकोचा नियम आहे, आणि मराठीत त्याची पंचाईत होती. वडिलांना तो तू म्हणतो. मला तू म्हणावं तर मी त्या रांगेत जातो. तुम्ही म्हणावं तर पाहुणा. काका त्याने दोन दिवस म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. मग त्याने मला हाकच न मारण्याची युक्ती काढली. "मीठ मिळेल का?" "पोहायला कधी निघायचं?" "गाडीची किल्ली कुठे आहे?" पाठ करून म्हटल्यासारखी, कर्ता नसलेली वाक्यं. तीन वर्षं त्याने ही कसरत केली. इंग्रजीत बोलला असता तर यू म्हणून सुटला असता आणि मला कधी कळलंही नसतं.

आत्याचं म्हणणं वेगळं. तिचं लग्न १९७८ साली कराडला एका बिजवराशी झालं, दोन मुलं पदरात होती. "मला पहिल्या दिवसापासून आई म्हणाली दोघं. तुमच्यासारखी थेरं नव्हती." हे ती दर दिवाळीला सांगते. त्यातला थोरला आता साठीच्या पुढे आहे. गेल्या भेटीत तो मला एसटी स्टँडवर सोडायला आला. मी सहज विषय काढला. तो म्हणाला, "आजीनं सांगितलं होतं, आई म्हणाला नाहीत तर जेवण नाही. म्हणत होतो. मनात त्या म्हणायचो. त्यांनी दिलं, त्या आल्या." मग गाडी आली. त्याच आत्याला हाच थोरला दर महिन्याला डोळ्यांच्या तपासणीला घेऊन जातो, आणि आता मनातही आई म्हणतो की नाही, ते मी विचारलं नाही.

मलाही नाव हवं आहे, हे कबूल करतो. मधलं नको, दुसरं. गेल्या सप्टेंबरात शाळेतून फ्लूच्या नाकातल्या स्प्रेचा फॉर्म आला. मी सगळा भरला. जन्मतारीख, जीपी, दमा आहे का, अंड्याची ॲलर्जी आहे का, सगळं मला पाठ. शेवटची ओळ सहीची, पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी म्हणजे मुलाची कायदेशीर जबाबदारी असलेल्या व्यक्तीची. ती माझ्याकडे नाही. लग्न केलं म्हणून आपोआप मिळत नाही. १९८९च्या चिल्ड्रेन ॲक्टमध्ये ४ए असं एक कलम आहे. आईवडील दोघं तयार असतील तर सावत्र पालकाला करार करून ती जबाबदारी घेता येते. ठरलेल्या फॉर्मवर तिघांच्या सह्या, त्याही कोर्टातल्या माणसासमोर, मग तो फॉर्म नोंदवायचा. वडिलांचं काहीच कमी होत नाही, नाव तेच राहतं. दत्तकात मात्र त्यांचं नातंच कायद्याने संपतं, म्हणून तो विषय आमच्या घरात नाही. दादाला हा फरक मी दोनदा समजावला. त्याने अंगठ्याचं चिन्ह टाकलं, म्हणजे बहुतेक वाचलं नाही.

मेंबरीला कॉफी घेता घेता मी ब्रिस्टलवाल्यांकडे हा विषय काढला. ते बराच वेळ कपाचं झाकण दाबत राहिले. "बघू," म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बघूच म्हटलं असतं. फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे.

चौदा वर्षं या देशात काढली, पासपोर्टही इथला झाला. तरी ग्रुपवर भांडताना मी "आमच्याकडे असं नसतं" लिहितो ते इंग्लंडबद्दल, आणि जेवताना "आमच्याकडे असं नसतं" म्हणतो ते साताऱ्याबद्दल. एकदा पोराने ताटावरून मान वर करून विचारलं, "आमच्याकडे म्हणजे कुठे?" बायको हसून हसून उठून गेली. मी म्हटलं, जेव.

परवा बुधवारी फुटबॉलचं ट्रेनिंग होतं. मैदानाच्या कडेला त्याने बॅग उपसली, मोजे, बूट, बाटली सगळं गवतावर टाकलं, आणि खालीच बघत म्हणाला, "शिनपॅड कुठे ठेवलेस तू?"

मी म्हटलं, ब्रिस्टलला राहिले बहुतेक.

"तू बघायला हवं होतंस ना," तो वैतागून म्हणाला, आणि शिनपॅडशिवाय कोच खेळू देत नाहीत म्हणून अख्खा तास माझ्या शेजारी तोंड फुगवून बसला.