दाट रेघेवर फिल्डर लावण्याआधी त्या रेघेचा बॉल शोधा

"वॅगन व्हीलवर जिकडे रेघा दाट, तिकडे फिल्डर. पिच मॅपवर जिथे विकेटचे लाल ठिपके, तिथे बॉल. मागच्या मॅचचे दोन स्क्रीनशॉट बस्स, कुठलाही बॅटर अडकतो."

सांगली-मिरजेच्या टीमांमध्ये हा सल्ला हातोहात फिरतोय. तो जसाच्या तसा पाळला तर उलट बॅटरचंच काम सोपं होतं.

आधी रेघांचं घेऊ. रेघेवरून बॉल कुठे गेला ते कळतं, पण तो कसला बॉल होता ते कळत नाही. समजा, मिरजेच्या एका टीमचा डावखुरा ओपनर आहे. मागच्या डावात त्याने 60 बॉलमध्ये 48 रन केले, त्यातले 30 मिडविकेट ते स्क्वेअर लेगच्या पट्ट्यात. तिथे रेघा गच्च. सल्ल्याप्रमाणे डीप मिडविकेट आणि डीप स्क्वेअर लेग लावायचे, तर दुसरी स्लिप आणि गली काढावी लागते. आता तोच डाव बॉलगणिक तपासा. त्या पट्ट्यात सहा चौकार आहेत आणि त्यातले पाच पायावरच्या फुलटॉसवर, नाहीतर लेग स्टंपवर आखूड पडलेल्या बॉलवर मारलेले. हे फटके आपल्याच बोलरने दिलेत. ते अडवायला बाउंड्रीवर माणसं ठेवली, की बोलरही बिनधास्त पायावर टाकायला लागतो.

त्याच डावात उजव्या हाताच्या मिडियम पेसरने ओव्हर द विकेट येऊन ऑफ स्टंपच्या जरा बाहेर गुडलेंग्थवर 22 बॉल टाकलेत. रन नऊ, पण त्यातले आठ दोन एजवर थर्ड मॅनला गेलेले. शिवाय चारदा तो सरळ बीट झालाय. वॅगन व्हीलवर एज आणि झकास लेट कट एकसारखेच दिसतात, आणि बीट झालेल्या बॉलची तर रेघच नसते. म्हणजे जिथे हा माणूस सगळ्यात अडचणीत आहे, ती जागा चित्रात एकतर कोरी दिसते, नाहीतर त्याची ताकद वाटते.

लाल ठिपक्यांचंही तसंच. एखाद्या जागेवर चार विकेट दिसल्या, तर तिथे एकूण किती बॉल पडले ते आधी विचारा. 80 बॉलमध्ये चार म्हणजे 20 बॉलला एक. दुसरीकडे 16 बॉलमध्ये दोन असतील तर आठला एक, पण 16 बॉलवर विसंबून कुणी प्लॅन करू नये. एका बॅटरच्या विकेट मुळात मूठभरच असतात. म्हणून विकेटऐवजी चुकलेले फटके मोजा: बीट, एज, मिसटाइम. वर सांगितलेल्या 22 बॉलमध्ये विकेट एकही नाही, पण चुका सहा आहेत.

ठिपका बॉल कुठे पडला तेवढंच सांगतो, पुढे कुठे गेला ते नाही. डावखुऱ्याला उजव्या हाताच्या बोलरचा बॉल ओव्हर द विकेट येताना बाहेर निघतो, राउंड द विकेट येताना आत येतो. दोन्ही एकाच मॅपवर टाकले तर मॅप निरुपयोगी. मॅटिंगवरचा मॅप टर्फवर नेऊ नका. मॅटिंगवर उसळी जास्त असते, तोच बॉल तिथे स्टंपवरून निघून जातो.

हाताने चार्ट काढणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. स्कोरर एकाच जागी बसतो, पण ओव्हर संपली की एंड बदलतो आणि ऑफ साइड मैदानाच्या दुसऱ्या बाजूला जाते. प्रत्येक रेघेशी एंड लिहिला नाही, तर अर्धे कव्हर ड्राइव्ह लेगला दिसतात. डावखुरा-उजवा जोडी असेल तर घोळ आणखी वाढतो.

आता या ओपनरचा प्लॅन. आधी बॉल ठरवा: ओव्हर द विकेट, बॅटरच्या स्टंपपासून साधारण सहा-सात मीटरवर, चौथ्या-पाचव्या स्टंपच्या लाइनीत, मॅटिंग असेल तर आणखी थोडा पुढे. मग त्या बॉलची फील्ड: दोन स्लिप, गली, पॉइंट, कव्हर, मिड-ऑफ, मिड-ऑन, मिडविकेट आणि फाइन लेग. नऊ माणसं झाली. थर्ड मॅन मोकळा राहतो, म्हणून एखादी एज चौकाराला जाईल. तेवढी किंमत आपण जाणून मोजतोय. रेघा दाट असलेल्या पट्ट्यात एकटा मिडविकेट, तोही सर्कलमध्ये. बोलर वारंवार पायावर जात असेल तर फील्ड न बदलता बोलर बदला.

शेवटच्या ओव्हर्सचं गणित वेगळं. तिथे रन रोखायचे असतात आणि बॅटर बाहेरचा बॉलही ओढून लेगलाच मारतो, त्यामुळे दाट रेघेवर माणूस ठेवणं बरोबर. फक्त लेगला स्क्वेअरच्या मागे दोनपेक्षा जास्त फिल्डर चालत नाहीत, नोबॉल होतो.

मॅच सुरू झाल्यावर पहिल्या दोन ओव्हर त्याच्या पायांकडे बघा. तो ऑफ स्टंपकडे सरकून उभा राहिला असेल, तर कालचा पाचवा स्टंप आज त्याच्या बॅटखाली आलाय आणि त्याचा लेग स्टंप उघडा पडलाय. अशा वेळी राउंड द विकेट या, बॉल स्टंपात आणा, आणि दुसरी स्लिप काढून शॉर्ट मिडविकेटला न्या.