येन कॅरी ट्रेड: व्याजातला फरक ‘फुकटचा पैसा’ नाही

कॅरी ट्रेडबद्दल असा दावा ऐकू येतो: “जपानमधून अर्ध्या टक्क्याने येन उचला, ऑस्ट्रेलियात सव्वासात टक्क्यांनी ठेवा. चलनाची भीती वाटली तर फॉरवर्ड घ्या. फरक कायमचा खिशात. पुस्तकातली व्याजदर समता कधीच खोटी ठरली आहे.”

“फॉरवर्ड घ्या.” म्हणजे पुढच्या तारखेचा विनिमय दर आजच बांधून घ्या. वरचे व्याजदर 2008 च्या मध्याचे आहेत. हिशेबापुरता ऑस्ट्रेलियन डॉलर 100 येनला धरू. वर्षाने 100 येनचं देणं 100.50 होतं आणि एका डॉलरचे 1.0725 होतात. बँकेचा वर्षाचा फॉरवर्ड दर म्हणजे या दोन आकड्यांचा भागाकार, साधारण 93.70 येन. त्या दराने व्यवहार बांधला की डॉलर विकून 100.50 येन येतात, कर्ज फिटतं आणि हातात काहीच उरत नाही. नफा हवा असेल तर चलनाची जोखीम उघडी ठेवावीच लागते. कॅरी ट्रेड म्हणतात तो यालाच.

“समता खोटी ठरली.” समता म्हणजे व्याजातला फरक चलनाच्या दरातल्या फरकाने भरून निघतो हे तत्त्व. वरचा हिशेब आच्छादित, म्हणजे फॉरवर्डने दर बांधलेल्या समतेचा, ती बऱ्यापैकी टिकते. अडचण अनाच्छादित, म्हणजे दर न बांधलेल्या समतेची आहे. तिच्या मते डॉलर वर्षभरात सरासरीने 93.70 पर्यंत उतरायला हवा. अर्थशास्त्रज्ञ युजीन फामा यांनी 1984 मध्ये तपासलं, तेव्हा व्याजातला फरक आणि चलनाची प्रत्यक्ष हालचाल यांना जोडणारा जो गुणांक 1 यायला हवा होता तो ऋण आला: जास्त व्याजाचं चलन सरासरीने उलट वधारत होतं. हेच फॉरवर्ड प्रीमियमचं कोडं. पण ही फक्त सरासरी आहे. चलनाच्या महिन्यागणिक हालचालींचा फारच थोडा भाग व्याजातल्या फरकाने उलगडतो, आणि 2008 नंतरच्या आकड्यांत अनेक चलनांचा गुणांक धनही झाला.

“कायमचा खिशात.” खरी चूक इथे आहे. जुलै 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर 100 येनच्या वर होता, ऑक्टोबरमध्ये 60 च्या खाली गेला. वर्षभराचं व्याज फक्त 93.70 पर्यंतची घसरण सोसतं. स्वतःचे 33 आणि उसने 67 येन लावलेल्याचं भांडवल दर 67 च्या आसपास येताच संपतं, आणि मार्जिनची, म्हणजे आणखी तारण भरण्याची, मागणी त्याच्या कितीतरी आधी येते. ती भागवायला तो डॉलर विकून येन घेतो. शेकडो जण एकाच वेळी तेच करतात, दर आणखी पडतो, पुढच्याची मार्जिन तुटते. म्हणून चढ महिनोन्‌महिने सावकाश होतो आणि पडझड काही दिवसांत उरकते. अशा वेळी ठरावीक दराला विकण्याचा आधीच दिलेला स्टॉप-लॉस आदेशही त्याच दराला भरेल याची खात्री नसते, कारण मधल्या दरांना घेणाराच नसतो.

शिवाय ही पडझड बहुधा शेअर बाजार कोसळतो तेव्हाच येते, म्हणजे पैशाची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा. एरवीचा नफा बऱ्याच अंशी हा धोका पत्करल्याचा मोबदला आहे. सगळा नाही: पुट ऑप्शन, म्हणजे ठरल्या दराने विकण्याचा हक्क, विकत घेऊन पडझडीपासून बचाव केलेल्या कॅरीतही, प्रीमियम वजा जाता, पूर्वीच्या आकड्यांत काही नफा उरलेला दिसतो. त्या उरलेल्या भागाच्या कारणांवर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.