प्रतिक्रियेला उत्तर: Ki शून्य का ठेवला

फरशीवर काळ्या रेषेमागे धावणाऱ्या रोबोवर मी लेख लिहिला होता. रेषा मध्यापासून किती सरकली हा एरर. पीआयडी नियंत्रणात पी चालू एररवर, आय म्हणजे इंटिग्रल साचलेल्या एररवर आणि डी एररमधल्या बदलावर चालतो; Kp, Ki, Kd हे त्यांचे गुणक, म्हणजे गेन. लेखावर आलेली प्रतिक्रिया अशी:

> «लेख वाचला. Ki शून्य ठेवून त्याला पीआयडी म्हणणं ही वाचकांची फसवणूक आहे. उंचसखल फरशीवर एरर साचत जातो, तो काढायला इंटिग्रल लागतोच, हे सेकंड इयरच्या पोरालाही कळतं. झीगलर-निकोल्सने ट्यूनिंग का नाही केलं? कॅमेरा लावला असता तर प्रश्नच नव्हता. आणि फोटोत काही दिसत नाही.»

फोटो अंधारे आहेत, मान्य. बदलतो.

«फसवणूक» हा शब्द मात्र जपून वापरावा. लेखात Ki = 0 ठळक अक्षरांत लिहिलंय, फसवणारा माणूस तसं लिहीत नाही. सेकंड इयरची पोरं काय करतात हेही मला ठाऊक आहे, त्यांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बरीच वर्षं बसतोय. रोबो सांध्यावर डगमगला की ती आधी Ki वाढवतात.

आता मुद्दा. शहाबादी फरशीच्या सांध्यावर जो एरर दिसतो, तो बहुतेक वेळा खरा नसतोच. रेषा सरकलेली नसते, सेन्सरची उंची बदललेली असते. चाकांच्या आसापासून कॅस्टर, म्हणजे टेकूचं मोकळं चाक, ६० मिमी पुढे आणि सेन्सरपट्टी ८० मिमी पुढे असेल, तर कॅस्टर दीड मिमीच्या कडेवर चढताच सेन्सर २ मिमी उचलला जातो. ३ मिमीवर बसवलेला सेन्सर ५ मिमीवर गेला की परत येणारा प्रकाश कमी होतो आणि रेषेबाहेरची फरशीही थोडी «काळी» वाटते.

आकडे घ्या. आठ सेन्सर, ० ते ७; स्थान म्हणजे सेन्सरचा नंबर गुणिले १०००, मध्य ३५००. रीडिंग ० म्हणजे फरशी, १००० म्हणजे पूर्ण काळं. वळणावर रेषा ५ नंबरच्या सेन्सरखाली आहे: त्याचं रीडिंग १०००, बाकीच्यांचं ०. स्थान ५०००, एरर १५००. आता पट्टी उचलली गेली आणि बाकीचे सातही समजा २०० दाखवू लागले. सेन्सर वाचणारी QTRSensors लायब्ररी फक्त ५० पर्यंतची रीडिंग गाळते, २०० ची मोजते. भारित सरासरी होते ९६,००,००० भागिले २४००, म्हणजे ४०००. रेषा जागच्या जागी, आणि एरर १५०० वरून ५०० वर.

Kp ०.०६ असेल तर पी ९० वरून ३० वर येतो. ही घट ४ मिलिसेकंदांच्या पाच लूपमध्ये झाली तर दर लूपला २०० चा फरक, आणि ०.८ च्या Kd ने डी देतो उणे १६०. बेरीज उणे १३०. रोबो वळणाच्या उलट दिशेला झटका खातो, सांधा ओलांडला की परत दुसरीकडे. रेषा ३ आणि ४ च्या बरोबर मधे असेल तर खोटं रीडिंग दोन्ही बाजूंना सारखं पडतं आणि सरासरी हलत नाही. म्हणून सरळ रेषेवर सगळं ठीक वाटतं आणि वळणावर बिघडतं.

या खोट्या एररची बेरीज करून इंटिग्रल काय काढणार? कॅस्टर सांध्यात क्षणभर अडकला तर तो साचत राहतो आणि सुटल्यावर रोबोला रेषेपार नेतो. मोटरी असमान असतील किंवा लांब, एकसारखं वळण असेल तर थोडा Ki उपयोगी आहे. पण तो फरशीवरचा इलाज नाही. इलाज रीडिंगमध्ये आहे: सरासरीआधी आठांतलं सर्वांत लहान रीडिंग सगळ्यांतून वजा करा.

```
uint16_t m = 1000;
uint32_t sum = 0, wsum = 0;
for (int i = 0; i < 8; i++) if (s[i] < m) m = s[i];
for (int i = 0; i < 8; i++) {
  uint16_t v = s[i] - m;
  sum += v;
  wsum += (uint32_t)v * i * 1000;
}
if (sum > 200) pos = wsum / sum;
```

वरच्या उदाहरणात रेषेखाली ८०० उरतात, बाकी ०, आणि स्थान पुन्हा ५०००. सांध्यातलं काळं सिमेंट आठही सेन्सरखाली एकदम आलं तर sum शून्याजवळ जातो आणि जुनं स्थान टिकतं. एकच चाक सांध्यात जाऊन पट्टी तिरकी झाली, तर मात्र ही वजाबाकी पुरत नाही. तिथे पट्टी बिजागरीवर सैल बसवून तिच्या दोन्ही टोकांना फरशीवर घसरणारे टेकू द्यावे लागतात.

झीगलर-निकोल्स या गेन ठरवण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच: त्यात स्थिर डोलण्याचा काळ मोजतात. ३०० मिमीच्या फरश्यांवर सेकंदाला ०.६ मीटर वेगाने दर अर्ध्या सेकंदाला सांधा येतो आणि तुम्ही फरशीचाच काळ मोजून बसता. वेग निम्मा करून बघा. डोलण्याचा काळ एक सेकंद झाला, तर दोष गेनचा नाही.

कॅमेऱ्याचं राहू द्या. अर्डुइनो नॅनोवर चालणाऱ्या रोबोच्या लेखाखाली तो सल्ला शोभत नाही.