आर कुठं आणि एस कुठं

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात मटण शिजत होतं आणि मी बाहेरच्या खोलीत बारावीच्या सराव परीक्षेचे चौसष्ट पेपर घेऊन बसलो होतो. व्हीटस्टोन ब्रिजचं तीन मार्कांचं गणित मीच काढलं होतं. चौकोनाच्या वरच्या डाव्या भुजेत २० ओहम, वरच्या उजव्या भुजेत ३०, खालच्या डाव्या भुजेत ४०. डाव्या-उजव्या कोपऱ्यांना बॅटरी, वरच्या-खालच्या कोपऱ्यांमध्ये गॅल्व्हानोमीटर. खालच्या उजव्या भुजेत किती रोध घातला की काटा शून्यावर येईल? उत्तर ६०. आकृती मात्र "तुम्हीच काढा" असं लिहिलं होतं. ही दुर्बुद्धी मला कुठून सुचली, देव जाणे.

पहिल्याच पोरानं `P/Q = S/R` असं लिहिलं होतं. उत्तर २६.६७. आमच्या वर्गात P वरच्या डाव्या भुजेत, Q वरच्या उजव्या, R खालच्या डाव्या आणि S खालच्या उजव्या, म्हणून अट `P/Q = R/S`. पोरानं खालच्या दोन भुजा उलट्या केल्या होत्या. मी समाधानानं लाल फुली मारली.

दुसऱ्याचं सूत्र होतं `P/R = Q/S`. हात तापलेलाच होता, फुली मारूनही झाली. मग खाली नजर गेली तर उत्तर ६०! चहाचा घोट घेऊन गुणाकार केला, तर दोन्हींतून `PS = QR` हेच निघतं. म्हणजे यानं Q आणि R ची जागा बदलली होती आणि ती बदलली तरी काही बिघडत नाही. बॅटरी आणि गॅल्व्हानोमीटर यांची अदलाबदल केली तरी ब्रिज संतुलितच राहतो, हे मी स्वतः दरवर्षी फळ्यावर शिकवतो. फुली खोडून बरोबरची खूण केली. ती खूण खाडाखोडीत झुरळासारखी दिसायला लागली.

तिसरा पेपर उघडला आणि मी पेन खालीच ठेवलं. सूत्र `P/Q = S/R`, म्हणजे पहिल्याचंच. उत्तर ६०. कॉपी? पण आकृती पाहिली तर पोरीनं P, Q, R, S ही अक्षरं घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरवून लिहिली होती. तिचा R खालच्या उजव्या भुजेत आणि S खालच्या डाव्या. तिच्या आकृतीला तिची अट शंभर टक्के बरोबर. एकच ओळ, एकाला शून्य आणि एकीला पूर्ण मार्क!

"अहो, रस्सा निवतोय. उठताय की नाही?"

"थांब गं, आर कुठाय ते बघतोय."

"कोण आर?"

तेव्हापासून मी सूत्राकडं बघणंच सोडलं. समोरासमोरच्या भुजांचे गुणाकार सारखे येतात का, एवढंच पाहायचं. २० आणि ६० चे बाराशे, ३० आणि ४० चेही बाराशे. अक्षरं गेली पंचगंगेत. (तसंही या ब्रिजच्या नावातच अदलाबदल आहे: १८३३ साली तो मांडला सॅम्युअल ख्रिस्टीनं आणि नाव लागलं १८४३ मध्ये तो गाजवणाऱ्या व्हीटस्टोनचं.)

सोमवारी पहिला पोरगा पेपर घेऊन दारात हजर. मी त्याला दहा व्होल्टची बॅटरी धरून हिशेब दाखवला. वरच्या वाटेनं २० ओहमवर ४ व्होल्ट पडतात. खालच्या वाटेनं ४० ओहमवरही ४ च पडायला हवेत, तुझे २६.६७ घातले तर ६ पडतात. मग मधल्या दोन टोकांत २ व्होल्टचा फरक, काटा शून्यावर राहील कसा?

त्याला पटेना. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी ब्रिज जोडला.

"सर, गॅल्व्हानोमीटरला आधी मोठा रेझिस्टन्स लावू द्या, नायतर काटा जाईल कामातनं." पेटीतून २७ ओहम काढले, चावी दाबली, काटा एका बाजूला जाऊन बसला. ६० केले, काटा शून्यावर.

"बघ लेका, हितं कागदावरचं चालत न्हाई," मामा म्हणाले.

पोरगा गप्प झाला. मग दप्तरातून दिवाळीआधीच्या चाचणीचा पेपर काढून त्यानं माझ्यापुढं धरला.

"सर, ह्यात पण हेच सूत्र लिवलंय. तुम्ही तीनपैकी तीन दिलाय."

मी पाहिलं. सही माझीच. गणितही माझंच: वरच्या दोन्ही भुजांत दहा-दहा ओहम. P आणि Q सारखेच असल्यावर R आणि S उलटे लिहिले काय आणि सुलटे लिहिले काय, दोन्हीकडून उत्तर एकच. चूक अख्खी त्या पेपरात बसली होती आणि मी तिच्यावरून हात फिरवून बरोबरची खूण केली होती.

"मग सर," पोरगा म्हणाला, "हितले मार्क देताय, का तिथले परत घेताय?"

मामा वायरी गुंडाळत हळूच म्हणाले, "सर, आता तुमचा काटा हलाय लागला."